ज्यांना खाजत नाही, त्यांनाही मलम

नमस्कार डॉक्टर,
घणसोलीला वन बीएचकेत आम्ही सहाजण राहतो. मी, मिस्टर, सासूबाई (वय ६८), भाऊजी, ९ वर्षांचा मुलगा आणि १४ महिन्यांची मुलगी. शाळा सुरू झाल्यावर मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलं, रात्रभर खाजवत बसायचा. डॉक्टरांनी खरूज सांगितली आणि पर्मेथ्रिनच्या ३० ग्रॅमच्या दोन ट्यूब दिल्या. मी त्याला आणि मला खाजतं तिथे तिथे लावलं. बाकीच्यांना खाज नव्हती, त्यांनी लावलं नाही. आठ-दहा दिवस बरं वाटलं, आता परत सुरू झालंय. या वेळी मिस्टरांनाही, आणि बाळाच्या तळपायावर फोड दिसतात. भाऊजी रात्रपाळीला असतात. मुलगा रात्री ज्या गादीवर झोपतो तिथेच ते दिवसा झोपतात. ती गादी टाकून द्यायची का? या पावसात एवढे कपडे धुऊन वाळवायचे कुठे? मलम लावूनही खाज येते म्हणजे औषध लागू पडलं नाही का? सासूबाई म्हणतात, माझ्या घरात स्वच्छता नाही म्हणून हे झालं.
– एक वाचक, घणसोली

ताई,

सासूबाईंचं आधी घेते, कारण त्यांना स्वतःला मलम लावून घ्यायचं आहे आणि रागावलेला माणूस लावून घेत नाही. खरजेचा किडा साबणाने निघत नाही. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसते. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून आत राहते आणि तिथेच रोज दोन-तीन अंडी घालते. दिवसातून तीनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती सोडत नाही. ती पसरते अंगाला अंग लागून, तेही थोडा वेळ टिकून लागलं तर. लेकराला कुशीत घेऊन झोपणं, नवरा-बायकोनं एका अंथरुणात झोपणं, आजीच्या मांडीवर नातवंडाने तासभर लोळणं, अशा वेळी. म्हणजे ज्या घरात माणसं एकमेकांना जवळ घेतात त्या घरात ती जास्त फिरते. सासूबाईंना हे असंच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. एखाद्याला पहिल्यांदाच खरूज होते तेव्हा खाज लगेच सुरू होत नाही. किडा अंगात शिरल्यापासून चार ते सहा आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. खाज ही किड्याच्या चावण्याची नसते. त्याच्या अंगाला, अंड्यांना आणि विष्ठेला आपल्या शरीराने दिलेली ती ॲलर्जी असते, आणि ती ॲलर्जी तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर किडे असतात किती, तर साधारण दहा-पंधरा. एवढ्यांनी रात्रीची झोप उडते ती या ॲलर्जीमुळेच. तुमच्या मिस्टरांना मुलाला मलम लावलंत त्या दिवशी खाज नव्हती, पण किडा बहुतेक तेव्हाच अंगावर होता. तुम्ही आणि मुलगा बऱ्यापैकी स्वच्छ झालात, आणि त्यांच्याकडून परत घेतलंत. एकदा होऊन गेलेल्या माणसाला मात्र दुसऱ्या खेपेला एक ते चार दिवसांतच खाज येते, शरीराला ओळख पटलेली असते ना. म्हणून तुम्हा दोघांना ‘परत सुरू झालं’ असं इतक्या चटकन कळलं.

सासूबाई आणि भाऊजी आज खाजवत नसतील तर त्याचा अर्थ एवढाच, की आज खाजवत नाहीत. वय झालं की काही जणांना किडा असूनही खाज कमी जाणवते. तेव्हा या घराला उपचार म्हणजे सहाच्या सहाजणांना, एकाच दिवशी. हे मी स्वतःच्या अंगावर शिकले. एमबीबीएसच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत तिघी होतो. खाज मला एकटीला, म्हणून मलमही मी एकटीने लावलं, तेही शहाणपणा करत, शांतपणे, कोणाला कळू न देता. दोनदा बरी झाले, दोनदा परत. तिसऱ्यांदा स्किनच्या ओपीडीत गेले तर तिथल्या सरांनी माझे हात बघितलेसुद्धा नाहीत. ‘बाकीच्या दोघी कुठे आहेत?’ एवढंच विचारलं.

आता हिशेब, कारण दुसरी चूक तिथे झाली आहे. पर्मेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे एक छोटी ट्यूब पूर्ण. ९ वर्षांच्या मुलाला तिच्या निम्मं, १५ ग्रॅम. १४ महिन्यांच्या बाळाला पाव ट्यूब, साडेसात ग्रॅम. तुमच्या घरात मोठी माणसं चार, म्हणजे १२० ग्रॅम, अधिक १५, अधिक साडेसात. एका रात्रीला जवळजवळ पाच ट्यूब. आणि हे सात दिवसांनी पुन्हा एकदा करायचं, म्हणजे दहा. तुम्हाला मिळाल्या होत्या दोन. ६० ग्रॅमच्या ट्यूब मिळाल्या तर पाच घ्या. पण आधी डॉक्टरांकडे सगळ्यांना घेऊन जा, सगळ्यांच्या नावाने लिहून घ्या आणि सगळी औषधं एकदम आणा. पाच आत्ता, पाच नंतर बघू, असं केलं की नंतरच्या पाच राहतात.

बाळाला तर दाखवाच. इतक्या लहान मुलांना तळहात-तळपायावर फोड येणं हे खरजेचं नेहमीचं रूप आहे, पण त्या वयात तळपायावर फोड आणणारे इतरही आजार असतात. ते डोळ्यांनी बघितलेले बरे.

रात्र कोणती निवडायची? भाऊजींच्या साप्ताहिक सुट्टीची. ते शनिवारी घरी असतील तर शनिवार रात्र ठरवा आणि बाकीचं सगळं त्याला जुळवा. सुट्टी मिळतच नसेल तर तुम्ही सगळे शनिवारी रात्री लावा, आणि ते रविवारी सकाळी पाळी संपवून आले की त्यांनी लावून धुतलेल्या चादरीवर झोपायचं आणि संध्याकाळी कामावर जायच्या आधी धुवायचं. चोवीस तासांच्या आत सगळे झाले म्हणजे झालं. तोपर्यंत ते आणि मुलगा एकमेकांच्या अंगाला लागणार नाहीत एवढं बघा.

त्या दिवशी संध्याकाळीच सगळ्यांची नखं अगदी बारीक कापा. जेवण लवकर उरका, भांडी घासून टाका, बाळाचं दूध-भात आटपा. मलम लावल्यावर हात पाण्यात घालायचे नाहीत, आणि आपल्या घरात रात्री साडेनऊला बाईचे हात पाण्यात असतात म्हणून म्हणते. अंघोळ करायची असेल तर साध्या पाण्याने करा आणि अंग पूर्ण कोरडं, गार होऊ द्या. कढत पाण्याने अंघोळ करून लगेच लावू नका. गरम झालेल्या कातडीतून औषध जास्त आत शोषलं जातं, आणि आपल्याला ते वरच्या थरात हवं आहे.

मग अंगावरच्या वस्तू. हा भाग कागदावर कोणी लिहून देत नाही, पण आपल्याकडे उपचार फसतात ते इथेच. मुलाच्या कमरेला करगोटा असेल, बाळाच्या मनगटात किंवा पायात काळा दोरा असेल, मिस्टरांच्या हातात देवळातला लाल धागा असेल, तुमच्या बांगड्या, अंगठी आणि जोडवी. किड्याच्या आवडीच्या जागा म्हणजे मनगट, बोटांची बेचकी आणि कंबर, आणि नेमक्या तिथेच आपण काही ना काही बांधलेलं असतं. निघतं ते काढा. जुना दोरा कापून टाका, नवा नंतर बांधा. बांगड्या निघतच नसतील तर वर सरकवून खाली लावा, मग खाली सरकवून वर लावा. मंगळसूत्र थोडा वेळ काढायला सासूबाईंची हरकत असेल तर गळ्यातच बाजूला सरकवून त्याच्या खाली लावा, त्यावर भांडण नको.

लावायचं कसं, तर जबड्याच्या खालपासून पायाच्या तळव्यापर्यंत, एक बोटभर जागाही न सोडता. खाजतं तिथे तिथे नव्हे. कानामागे, मानेवर, काखेत, स्तनांच्या खाली, बेंबीत, ढुंगणाच्या घडीत, बोटांच्या प्रत्येक बेचक्यात, पायाच्या बोटांमध्ये. जननेंद्रियांवरही, आणि तिथे संकोच करून सोडणारे पुरुष मी रोज बघते. पुरुषांच्या शिश्नावर आणि वृषणांवर खरजेचे फोड हमखास असतात, त्यामुळे मिस्टरांना हे स्पष्ट सांगा. नखांच्या खाली मलम भरा, जुन्या टूथब्रशने घासलंत तर नीट जातं, मग तो ब्रश फेकून द्या. पाठ स्वतःची स्वतःला जमत नाही, तेव्हा जोड्या करा. पातळ थर पुरतो, पांढरं दिसेनासं होईपर्यंत चोळा.

बाळाला आणि सासूबाईंना याशिवाय डोक्याच्या कातडीला, कपाळाला, कानांना आणि चेहऱ्यालाही लावायचं, डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. तान्ह्यांमध्ये आणि वय झालेल्यांमध्ये किडा मानेच्या वरही जातो. बाळ हात तोंडात घालेल, तेव्हा हातांत स्वच्छ मोजे चढवा आणि मनगटाशी सैलसर पट्टीने अडकवा. तुम्ही अजून अंगावर पाजत असाल तर पाजण्याआधी स्तनाग्र ओल्या कापडाने पुसून घ्या, पाजून झालं की परत लावा.

हे ‘परत लावा’ रात्रभर लक्षात ठेवायचं. बाळाचं लंगोट बदललं, परत लावा. हात धुतले, हातांना परत. शौचाला जाऊन पाणी घेतलं, धुतलेल्या भागाला परत. आपण पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे सकाळी सहाला कोणी संडासला जाऊन आलं की तिथलं औषध गेलं, आणि तीच किड्याची आवडती जागा. म्हणून थोडं मलम ट्यूबमध्ये शिल्लक ठेवा.

औषध अंगावर ८ ते १२ तास राहायला हवं. रात्री ९ला लावलंत तर सकाळी ७ ते ९मध्ये कोमट पाण्याने, नेहमीच्या साबणाने अंघोळ. थोडं चुरचुरेल, ते चालतं. अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला तर लगेच धुवा आणि डॉक्टर गाठा. अंघोळीच्या पाण्यात डेटॉल नको, फिनेल तर नकोच नको, आणि फोड फुटेपर्यंत घासणीने घासणंही नको. कडुलिंबाच्या पाण्याने बरं वाटत असेल तर घाला, फक्त त्याने किडा मरतो असं समजून दुसरी फेरी टाळू नका. घरात गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइडच्या लोशनची जुनी बाटली पडली असेल तर ती बाळाला आणि मुलाला लावू नका.

आता कपडे, गादी आणि पाऊस. माणसाच्या अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. या एका गोष्टीवर सगळं धुणं अवलंबून आहे. म्हणजे अख्खं कपाट रिकामं करायचं कारण नाही. गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेलं तेवढंच घ्यायचं: अंगावरचे कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं, बाळाची दुपटी, शाळेचा गणवेश आणि मोजे. त्याचे दोन ढीग करा.

पहिला ढीग धुण्याचा. इथे पाण्याची उष्णता महत्त्वाची, किमान ५० अंश. मशीनला गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर ६० अंशांवर लावा. नसेल तर गीझरचं कडक पाणी बादलीत घेऊन सुती कपडे त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, झाकण टाका आणि बाथरूमचं दार लावून घ्या, बाळ चालतं आहे. कपडे गरम पाण्यात भिजले की किडा मेला. त्यानंतर ते खोलीत दोरीवर पंख्याखाली दोन दिवस कुबट वास मारत वाळले तरी खरजेच्या दृष्टीने चालतील. उन्हाची वाट बघू नका, घणसोलीत ऑगस्टमध्ये ते मिळणारही नाही. शर्ट-पँट गरम पाण्यात घालवत नसेल तर साध्या पाण्याने धुऊन नंतर कडक इस्त्री करा, शिवणींवर आणि कमरेच्या पट्ट्यावर जरा जास्त वेळ.

दुसरा ढीग बांधून ठेवण्याचा. गोधड्या, जाड ब्लँकेट, स्वेटर, मुलाचं झोपताना कवटाळायचं अस्वल, जे या दिवसांत धुतलं तर वाळणार नाही ते सगळं. काळ्या कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणा, भरा, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा, वर तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. तीन दिवसही पुष्कळदा पुरतात, पण दमट हवेत किडा जरा जास्त तग धरतो, म्हणून पावसाळ्यात मी आठवडा सांगते. आठवड्यानंतर पिशवी उघडून झटकून वापरा, धुण्याची गरज नाही.

गादी टाकू नका. ठाण्यात माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने सोफासुद्धा विकला होता, आणि मलम मात्र आजोबांना लावलेलं नव्हतं. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे, त्यातला एखादा गादीवर पडला तर पडला. गादी-उशीवरून मोठ्या प्रमाणावर पसरते ती जाड खपल्यांची खरूज, ती वेगळी. तुमच्या त्या दोन पाळ्यांच्या गादीवर धुतलेली चादर टाका, आणि पुढचा आठवडाभर मुलाची चादर वेगळी, भाऊजींची वेगळी. एक उठला की आपली चादर गुंडाळून बाजूला, दुसऱ्याने आपली अंथरायची. एवढं पुरतं. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू नका, त्याच्या औषधाने तुमच्या लेकरांच्या कातडीतला किडा मरणार नाही.

आणि क्रम महत्त्वाचा. मलम लावायच्या आधी जुन्या चादरी काढून धुतलेल्या घाला. रात्री मलम लावून त्या चादरीवर झोपा. सकाळी अंघोळ झाली की धुतलेले कपडे अंगावर, आणि रात्रीचे कपडे व चादरी परत गरम पाण्यात. मुलगा त्यानंतर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतो. शेजारचं एखादं मूल तुमच्याकडे दुपारी झोपायला येत असेल, किंवा गेल्या महिन्यात नणंद मुलांसह राहून गेली असेल, तर त्यांना फोन करून सांगा. अवघड वाटेल, पण न सांगितलंत तर दिवाळीला त्यांच्याकडून परत घेऊन याल.

आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या शनिवारी, हे सगळं पुन्हा. मलमाने किडे मरतात, पण सगळी अंडी मरतीलच असं नाही. अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, आणि त्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसऱ्या फेरीने मारायची. त्या आठवड्यात सगळ्यांना बरं वाटत असेल आणि मिस्टर म्हणतील, ‘आता कशाला?’ लावा.

काही डॉक्टर मलमाऐवजी किंवा मलमासोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. त्या वजनावर ठरतात आणि त्यांच्याही दोन खेपा असतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत, म्हणजे बाळाला नाहीच. केमिस्टकडून परस्पर आणू नका.

आता खाजेचं. हे नीट वाचा, कारण दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला शिव्या द्याल. दोन्ही फेऱ्या अगदी बिनचूक झाल्या तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. किडे मेले तरी त्यांची कलेवरं, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा कातडीच्या वरच्या थरातच असते, आणि ॲलर्जी त्यांच्याशी भांडत राहते. कातडीचा तो थर हळूहळू गळून पडेपर्यंत हे चालतं. पहिल्या एक-दोन दिवसांत तर खाज वाढल्यासारखीही वाटू शकते. इथे लोक घाबरतात आणि एक दिवसाआड मलम चोपडत बसतात. मग कातडी कोरडी पडते, मलमानेच चुरचुरते, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणत तिसरं काहीतरी आणतात. दोन फेऱ्यांच्या पलीकडे स्वतःहून लावू नका.

मग उरलेली खाज आणि परत आलेली खरूज यांतला फरक कळायचा कसा? मी रुग्णांना दोन गोष्टी करायला सांगते. दुसऱ्या फेरीनंतरच्या सकाळी सगळ्यांच्या हातांचे, मनगटांचे आणि पोटाचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, खिडकीपाशी, त्याच उजेडात. दर रविवारी तसेच परत काढा आणि शेजारी ठेवून बघा. उरलेली खाज असेल तर जुने डाग सुकत, काळपट होत जातात, नवे येत नाहीत, आणि रात्री उठून खाजवणं आठवड्यागणिक कमी होतं. परत आलेली असेल तर बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला नवे टिपूस दिसतात. कधी कधी बारीक राखाडी रेघ दिसते, चार-पाच मिलिमीटरची, वेडीवाकडी, जणू कोणी टोकदार पेन्सिल ओढली आहे, आणि टोकाला एक ठिपका. तो त्या मादीचा बोगदा. शंका असेल तर शाईच्या पेनाची शाई तिथे चोळून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बोगदा असेल तर शाई त्यात उतरलेली राहते आणि रेघ निळी दिसते. फक्त हे मोठ्यांच्या हातावर करा, बाळाच्या नको.

मुलाच्या जांघेत किंवा काखेत लालसर, कडक गाठी राहिल्या तर घाबरू नका. त्या कित्येक आठवडे, कधी काही महिनेही राहतात आणि खाजतातही, पण त्यांत जिवंत किडा असतोच असं नाही. त्यांना वेगळं औषध असतं.

या दिवसांत खाजेला आराम म्हणून खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. रात्रीसाठी ॲलर्जीची गोळी डॉक्टर देतील. भाऊजी मशीनवर काम करत असतील तर झोप न आणणारी गोळी मागा, ‘माझी रात्रपाळी आहे’ हे त्यांनी तोंडाने सांगायला हवं. केमिस्टकडे मिळणारी तीन-चार औषधं एकत्र केलेली खाजेची क्रीम मात्र घरात आणू नका. त्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, किडा आरामात वाढतो, आणि मग माझ्यासारखीलाही ते गजकर्ण की खरूज हे ओळखताना डोकं खाजवावं लागतं. किडे मेल्याची खात्री झाल्यावर आम्ही स्वतः कधी कधी हलकं स्टेरॉइड देतो, पण ते त्या वेळी आणि मोजून.

खाजवून फोडांत पू झाला, त्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, किंवा ताप आला, तर चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. मुलांमध्ये अशा पिकलेल्या फोडांनंतर दोन-तीन आठवड्यांनी चेहरा सुजला, किंवा लघवी चहासारखी लाल-काळी झाली, तर ती मूत्रपिंडाची तक्रार असू शकते, मग थेट रुग्णालय. सासूबाईंच्या हातांवर किंवा नखांभोवती जाड खपल्यांचे थर दिसले तर तेही लगेच. त्या खरजेत किडे दहा-पंधरा नसतात, हजारांनी असतात, आणि वर सांगितलेलं सगळं गणित तिथे बदलतं.

यातलं काही नसेल तर दुसऱ्या फेरीपासून चार आठवडे मोजा. त्यानंतरही नवे फोड येत असतील तर ते फोटो, रिकाम्या ट्यूब आणि घरातली सहाही माणसं घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ट्यूब घेऊन जा असं मुद्दाम म्हणते. मोजल्या की मला लगेच कळतं कोणाला लागलं आणि कोणाला नाही.